पाण्यात सगळी तीव्र आम्लं सारखीच का वाटतात? लेव्हलिंग इफेक्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्लं-आम्लारींवर मी लिहायला लागल्यापासून सर्वांत जास्त प्रश्न याच एका मुद्द्यावर येतात. बरेचसे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून इथे ते सोप्यापासून अडचणीच्याकडे असे लावले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. इंग्रजी नावाला मराठीत कुणी समतलन म्हणतात, कुणी समपातळीकरण. वर्गात मात्र सगळे लेव्हलिंगच म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो.

१. लेव्हलिंग इफेक्ट म्हणजे नेमकं काय?

आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा पदार्थ. पाण्यात आम्ल टाकलं की प्रोटॉन घ्यायला समोर पाण्याचेच रेणू उभे असतात. हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या:

HCl + H₂O → H₃O⁺ + Cl⁻

हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक, पर्क्लोरिक ही सगळी आम्लं प्रोटॉन द्यायला इतकी उतावीळ असतात की विरल द्रावणात त्यांचे जवळजवळ सगळे रेणू प्रोटॉन देऊन मोकळे होतात. म्हणजे बाटलीवर नाव कोणतंही असलं तरी आत आम्ल म्हणून उरतो तो एकच पदार्थ, हायड्रोनियम आयन H₃O⁺. एक मोल आम्लातून एक मोल H₃O⁺. चारही बाटल्यांतलं आम्ल एकच झालं, तर चारही सारखीच तीव्र वाटणार.

याचाच दुसरा अर्थ असा, की H₃O⁺ पेक्षा तीव्र आम्ल विरल जलीय द्रावणात टिकूच शकत नाही. पाणी त्याचा प्रोटॉन लगेच काढून घेतं.

२. म्हणजे पाणी तीव्र आम्लांना कमजोर करतं का?

हा शब्दप्रयोग बऱ्याच नोट्समध्ये दिसतो आणि त्यानेच गोंधळ वाढतो. एखाद्या वर्गाला फारच सोपा पेपर दिला आणि पहिल्या पाच मुलांना १०० पैकी १०० पडले, तर पेपरने हुशार मुलांना ढ केलं असं आपण म्हणत नाही. त्या पेपरला त्यांच्यातला फरक दाखवता आला नाही, एवढंच. पाणी हा असाच सोपा पेपर आहे. ते चांगल्यापैकी आम्लारी असल्यामुळे त्याला प्रोटॉन देणं तीव्र आम्लांना जडच जात नाही. अवघड पेपर कोणता, ते उत्तर ११ मध्ये.

HCl चा रेणू आणि HI चा रेणू यांच्यातला फरक कुठेही गेलेला नसतो. पाण्यात टाकल्यावर ते रेणूच उरत नाहीत, म्हणून फरक मोजता येत नाही.

३. पुस्तकात HCl चा pKa उणे ६ च्या आसपास आणि HI चा उणे १० च्या आसपास दिलाय. म्हणजे HI दहा हजारपट तीव्र. एवढा मोठा फरक pH मीटरला कसा दिसत नाही?

आकडे मांडून बघितल्याशिवाय हे पटत नाही, म्हणून मांडूया. दोन्ही आम्लांची ०.०१ मोलर द्रावणं घेतली. HCl चा Ka दहा लाख धरू, म्हणजे 10⁶.

```
[HCl] = [H3O+][Cl-] / Ka
      = (0.01 × 0.01) / 10^6
      = 10^-10 मोलर
```

एकूण आम्ल 10⁻² मोलर, त्यातलं न फुटलेलं 10⁻¹⁰ मोलर. म्हणजे दहा कोटी रेणूंमागे एक रेणू अखंड राहिला. HI साठी Ka 10¹⁰ धरून हेच गणित केलं तर एक लाख कोटी रेणूंमागे एक.

दहा हजारपट फरक आहे, पण तो अखंड राहिलेल्या रेणूंच्या संख्येत आहे. pH ठरते ती H₃O⁺ वरून, आणि तिथे चित्र असं:

```
HCl : pH = 2.000000004
HI  : pH = 2.0000000000004
```

प्रयोगशाळेतला साधा मीटर दशांशानंतर दोन घरं दाखवतो, फार चांगला असेल तर तीन. इथे फरक नवव्या घरात आहे. मीटर कितीही महाग घेतला तरी इलेक्ट्रोडचं तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी यापेक्षा कैक पटींनी मोठी चूक होते.

तुलनेसाठी त्याच संहतीचं असेटिक आम्ल घ्या. त्याचा Ka सुमारे 1.8 × 10⁻⁵, त्यामुळे शंभरातले जेमतेम चार रेणू फुटतात आणि pH सुमारे ३.४ येतो. हा फरक लिटमस सोडून कुठल्याही साधनाला दिसेल. सौम्य आम्लांच्या बाबतीत पाणी हा अगदी योग्य पेपर आहे.

४. मग हे उणे ६, उणे १० आकडे आले कुठून? पाण्यात मोजता येत नाहीत ना?

बरोबर, थेट मोजता येत नाहीत. ते अप्रत्यक्ष मार्गाने काढलेले अंदाज आहेत. एक मार्ग ऊर्जेच्या हिशोबाचा: वायुरूप रेणूचा बंध तोडायला किती ऊर्जा लागते, आयन होताना किती, आणि ते आयन पाण्यात विरघळताना किती ऊर्जा सुटते, हे सगळं बेरीज-वजाबाकीने जुळवायचं. दुसरा मार्ग म्हणजे कमी आम्लारी असलेल्या द्रावकात मोजून तिथून पाण्याच्या मोजपट्टीवर अंदाज बांधायचा.

त्यामुळे एका पुस्तकात HCl ला उणे ६ आणि दुसऱ्यात उणे ७ दिसलं तर छपाईची चूक समजू नका. तीव्र आम्लांच्या pKa मध्ये एखाद-दोन एककांची तफावत नेहमीचीच. उलट असेटिक आम्लाचा ४.७६ हा आकडा सगळीकडे तोच सापडेल, कारण तो पाण्यात प्रत्यक्ष मोजलेला आहे. परीक्षेत HBr आणि HCl च्या pKa ची तुलना विचारली तर क्रम सांगा, आकड्यावर हट्ट धरू नका.

५. माझा मीटर ०.०१ मोलर HCl ला २.०० ऐवजी २.०४ दाखवतो. म्हणजे नऊ टक्के आम्ल फुटलंच नाही का?

नाही. न फुटलेलं आम्ल किती नगण्य असतं ते वर उत्तर ३ मध्ये आलंच. ही ०.०४ ची वाढ आयनांच्या एकमेकांवरच्या ओढीमुळे येते. प्रत्येक धन आयनाभोवती ऋण आयनांची थोडी गर्दी असते आणि त्यामुळे तो आपल्या संख्येपेक्षा किंचित कमी परिणामकारक ठरतो. ०.०१ मोलर HCl साठी हा गुणक सुमारे ०.९०४ आहे. ०.०१ ला ०.९०४ ने गुणून लॉगरिथम काढा, २.०४ च येईल.

ओळखायची खूण सोपी आहे. HCl च्या जागी त्याच संहतीचं पर्क्लोरिक किंवा हायड्रोब्रोमिक आम्ल ठेवा. मीटर पुन्हा २.०४ च्या आसपासच थांबेल. न फुटलेल्या रेणूंचा हा परिणाम असता तर आम्ल बदलल्यावर आकडाही बदलायला हवा होता.

६. तीव्र आणि संहत यांत काय फरक?

तीव्र म्हणजे प्रोटॉन किती सहज देतं, संहत म्हणजे लिटरमागे किती मोल आहेत. ०.००१ मोलर HCl तीव्र पण विरल आहे, बर्फासारखं गोठणारं शुद्ध असेटिक आम्ल सौम्य पण संहत. लेव्हलिंग ही विरल द्रावणांची गोष्ट आहे. संहत झाल्यावर काय होतं ते उत्तर १० मध्ये.

७. सगळी तीव्र आम्लं सारखी होतात हे प्रयोगाने दाखवता येईल का?

पाठ्यपुस्तकं उदासिनीकरणाची उष्णता पुढे करतात. ५० मिलिलीटर १ मोलर HCl मध्ये ५० मिलिलीटर १ मोलर NaOH ओतलं तर सुमारे २.८५ किलोज्यूल उष्णता सुटते आणि १०० ग्रॅम द्रावण ६.८ अंशांनी तापतं. थर्मोकोलच्या पेल्यात थोडी उष्णता निसटते, म्हणून हातात साडेसहाच्या आसपास येतं. HCl च्या जागी नायट्रिक किंवा हायड्रोब्रोमिक घेतलं तरी तेच. कारण तिन्ही वेळी घडतं ते एकच: H₃O⁺ + OH⁻ → 2H₂O.

पण मला हा पुरावा अर्धवट वाटतो. असेटिक आम्ल घेऊन बघा, तापमान तेवढंच वाढल्यासारखं दिसेल. त्याची उदासिनीकरण उष्णता तीव्र आम्लांपेक्षा फक्त दोन-तीन टक्क्यांनी कमी आहे आणि साध्या थर्मामीटरला ते पकडता येत नाही. जो प्रयोग सौम्य आम्लही वेगळं काढत नाही, तो तीव्र आम्लं सारखी असल्याचा दाखला कसा देणार?

त्यापेक्षा विद्युतवाहकता मोजा. २५ अंश सेल्सिअसला ०.०१ मोलर द्रावणांची वाहकता साधारण अशी येते: हायड्रोक्लोरिक ४.१, नायट्रिक ४.१, पर्क्लोरिक ४.० मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर. असेटिक आम्ल मात्र ०.१६. तीव्र आम्लं एका झुपक्यात आणि असेटिक पंचवीसपट खाली. झुपक्यातला दोन-तीन टक्क्यांचा फरक आम्लाच्या तीव्रतेचा नाही. क्लोराइड आयन पर्क्लोरेटपेक्षा पाण्यातून किंचित वेगाने सरकतो, त्याचा तो आहे. मुलांसमोर हे करताना बीकर धुवायला विसरू नका. असेटिक आम्लात थोडं HCl राहिलं तरी आकडा वाढून बसतो.

८. सल्फ्युरिक आम्लाला दोन प्रोटॉन आहेत. ०.१ मोलर सल्फ्युरिकचा pH ०.१ मोलर HCl पेक्षा कमी यायला हवा. मग ते समतल कसं?

फक्त पहिला प्रोटॉन समतल होतो. तो गेल्यावर उरतो HSO₄⁻ आणि त्याचा pKa सुमारे २ आहे. ऋण भार असलेल्या कणातून आणखी एक धन प्रोटॉन ओढून काढणं पाण्याला तितकं सोपं नाही, म्हणून दुसऱ्या पायरीला हा पदार्थ साध्या मध्यम आम्लासारखा वागतो.

बरेच जण दोन्ही प्रोटॉन पूर्ण सुटले असं धरून H₃O⁺ ०.२ मोलर घेतात आणि pH ०.७० काढतात. बरोबर गणित असं:

```
HSO4-  ⇌  H+  +  SO4^2-        Ka2 = 0.0102

(0.1 + x) · x / (0.1 - x) = 0.0102
x = 0.0086
[H3O+] = 0.1086 ,  pH = 0.96
```

म्हणजे दुसऱ्या पायरीत शंभरातले नऊच प्रोटॉन सुटतात. पहिल्या पायरीने आधीच ओतलेले H₃O⁺ दुसरी पायरी मागे दाबून धरतात. (उत्तर ५ मधली आयनांच्या ओढीची दुरुस्ती इथे सोडून दिली आहे. ती धरली तर आकडे थोडे हलतात, निष्कर्ष हलत नाही.) द्रावण जितकं विरल, तितका दुसरा प्रोटॉन जास्त सुटतो. ०.००१ मोलरला तो बहुतेक सुटलेला असतो, आणि तिथे सल्फ्युरिकला दोन प्रोटॉनचं आम्ल म्हणून चालतं.

९. नायट्रिक आम्ल तीव्र की काठावरचं? आणि हायड्रोफ्लोरिक?

नायट्रिकचा pKa सुमारे उणे १.४. ०.१ मोलर द्रावणात हजारातले चारेक रेणू अखंड राहतात, म्हणून नेहमीच्या कामात ते बेलाशक तीव्र आम्लांच्या रांगेत बसतं. मात्र संहती वाढवत काही मोलरपर्यंत नेली की अखंड HNO₃ रेणू रामन वर्णपटात स्पष्ट दिसायला लागतात. HCl किंवा पर्क्लोरिकच्या तुलनेत त्याची रेघ बरीच आधी तुटते. काठावरचं म्हणणाऱ्यांचं म्हणणं या अर्थाने खरं आहे.

हायड्रोफ्लोरिक या चर्चेतच येत नाही. त्याचा pKa ३.१७, म्हणजे ते सौम्य आहे आणि पाण्यात त्याची तीव्रता व्यवस्थित मोजता येते. काच खातं म्हणून ते तीव्र, असं समजणारे फार भेटतात. काच खाण्याचा संबंध फ्लोरिन आणि सिलिकॉनच्या घट्ट बंधाशी आहे, pH शी नाही. अंगावर ते अतिशय घातक आहे, हेही तितकंच खरं.

१०. बाटलीतल्या संहत आम्लालाही लेव्हलिंग लागू होतं का?

लेव्हलिंगसाठी पाणी मुबलक हवं. ०.०१ मोलर द्रावणात आम्लाच्या एका रेणूमागे पाण्याचे साडेपाच हजार रेणू असतात. प्रत्येक प्रोटॉनला घर मिळतं, आणि त्या घराभोवती आणखी पाणी गोळा होऊन त्याला सावरतं.

आता ३७ टक्क्यांच्या HCl ची बाटली घ्या. लिटरमध्ये १२ मोल आम्ल आणि सुमारे ४१ मोल पाणी, म्हणजे एका रेणूमागे साडेतीन रेणूसुद्धा नाहीत. झाकण उघडल्यावर पांढरा धूर येतो, तो HCl वायू बाहेर पडून हवेतल्या ओलाव्याला भेटल्याचा. विरल द्रावणावर तो दिसत नाही.

९८ टक्के सल्फ्युरिकमध्ये तर गणित उलटंच होतं. लिटरमध्ये १८.४ मोल आम्ल आणि फक्त २ मोल पाणी. पाण्याच्या एका रेणूमागे आम्लाचे नऊ. तिथे बहुतेक आम्लाला पाणी भेटतच नाही आणि H₂SO₄ आपल्या खऱ्या ताकदीने वागतं. अशा ठिकाणी pH ही कल्पना लागू पडत नाही. लुई हॅमेट यांनी १९३२ मध्ये अतिशय सौम्य आम्लारी दर्शक वापरून त्यासाठी वेगळी मोजपट्टी मांडली. तिच्यावर १ मोलर तीव्र आम्ल शून्याच्या आसपास येतं, तर शुद्ध सल्फ्युरिक उणे १२ च्या आसपास. पाण्यात जी आम्लं एका रांगेत उभी होती, ती या मोजपट्टीवर पार पांगतात.

११. मग तीव्र आम्लांतला खरा क्रम कसा लावतात?

पेपर अवघड करून. पाण्यापेक्षा कमी आम्लारी असलेला द्रावक घ्यायचा, म्हणजे त्याला प्रोटॉन देताना आम्लाला जोर लावावा लागेल. नेहमीचा द्रावक म्हणजे निर्जल असेटिक आम्ल. व्हिनेगरमधलं हेच आम्ल इथे आम्लारीच्या भूमिकेत जातं:

HClO₄ + CH₃COOH ⇌ CH₃COOH₂⁺ + ClO₄⁻

बाण दुहेरी आहे, इकडे लक्ष द्या. नॉरिस हॉल आणि जेम्स कॉनंट यांनी १९२७ मध्ये असेटिक आम्लातली पर्क्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाची द्रावणं अभ्यासली. पाण्यातल्या द्रावणांपेक्षा ती कितीतरी जास्त आम्ल आहेत, असं त्यांना दिसलं, आणि अतिआम्ल हा शब्द त्यांनी तिथेच वापरला. या द्रावकात पर्क्लोरिक, हायड्रोब्रोमिक, सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक, नायट्रिक असा उतरता क्रम लागतो. पर्क्लोरिकचा pKa तिथे ४.८७ येतो, हायड्रोक्लोरिकचा ८.५५. म्हणजे जवळजवळ पाच हजारपट फरक, आणि तोही प्रत्यक्ष मोजता येणारा.

४.८७ बघून पर्क्लोरिक आम्ल तिथे असेटिकसारखं सौम्य झालं, असं कुणी लिहू नये. असेटिक आम्लाचा पराविद्युत स्थिरांक फक्त ६ च्या आसपास आहे, पाण्याचा ७८. त्यामुळे प्रोटॉन दिला गेला तरी धन आणि ऋण आयन एकमेकांना धरून जोडीने फिरतात, सुटे होत नाहीत. हा pKa सुट्या आयनांवरून काढलेला असतो. पाण्यातल्या pKa शी त्याची तुलना करायची नाही, त्याच द्रावकातल्या दुसऱ्या आम्लाशी करायची.

१२. औषधांच्या चाचणीत पर्क्लोरिक आम्ल असेटिक आम्लात घेतात आणि वर असेटिक अनहायड्राइड घालतात. ते कशासाठी?

लेव्हलिंग चुकवण्यासाठीच. ज्या सौम्य आम्लारीचं पाण्यात अनुमापन करता येत नाही, त्याचं इथे करता येतं, कारण समोर H₃O⁺ पेक्षा तीव्र CH₃COOH₂⁺ असतो. पण बाजारात पर्क्लोरिक आम्ल निर्जल मिळत नाही, ७० ते ७२ टक्क्यांचं मिळतं. एक लिटर ०.१ मोलर द्रावणासाठी ८.५ मिलिलीटर घेतात. त्याचं वजन सुमारे १४.३ ग्रॅम. त्यात १० ग्रॅम आम्ल, म्हणजे ०.१ मोल, आणि चार ग्रॅमांहून थोडं जास्त पाणी, म्हणजे ०.२३ मोल.

आकडे नीट बघा. आम्लाच्या दुपटीहून जास्त पाणी आपण स्वतःच आत सोडलंय. असेटिकपेक्षा पाणी चांगलं आम्लारी असल्यामुळे ते प्रोटॉन आपल्याकडे ओढून घेतं आणि सगळ्या आम्लाला पुन्हा H₃O⁺ च्या पातळीवर आणून बसवतं. लिटरभर द्रावकात चार ग्रॅम पाणी, आणि तेवढं पुरतं.

असेटिक अनहायड्राइड हे पाणी खाऊन त्याचं असेटिक आम्ल करतो. ०.२३ मोल पाण्याला ०.२३ मोल अनहायड्राइड, म्हणजे साधारण २२ मिलिलीटर. प्रत्यक्षात थोडा जास्त घालून द्रावण रात्रभर ठेवतात, कारण ही क्रिया लगेच संपत नाही. क्रम कडक पाळायचा: आधी पर्क्लोरिक आम्ल भरपूर असेटिक आम्लात मिसळायचं, मग अनहायड्राइड थोडा थोडा, थंड ठेवून. अनहायड्राइड आणि पर्क्लोरिक थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

पाणी राहिलं हे कळतं कसं? मी एकदा घाईत सकाळी बनवलेलं द्रावण दुपारीच वापरायला काढलं. क्रिस्टल व्हायोलेट दर्शक जांभळ्यावरून निळसर आणि मग हिरव्याकडे एका थेंबात जायला हवा. तो अर्धा मिलिलीटरभर निळ्यातच रेंगाळला, आणि तीन वाचनं एकमेकांशी जुळेनात. दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीतून घेतल्यावर रंग चटकन पडला. उलट बाजूची चूकही होते. अनहायड्राइड फार जास्त झाला तर तो नमुन्यातल्या प्राथमिक अमाइनशीच जोडला जातो. अमाइनचं आम्लारीपण जातं आणि उत्तर कमी येतं.

पाण्याशी संबंध नसलेली पण इथे हमखास नडणारी गोष्ट म्हणजे तापमान. असेटिक आम्ल दर अंशाला सुमारे ०.११ टक्के प्रसरण पावतं. द्रावण प्रमाणित केलं त्यापेक्षा खोली १० अंशांनी तापली तर संहती एक टक्क्याहून जास्त घसरते. तापमान वहीत लिहून ठेवा.

१३. आम्लारींनाही हे लागू होतं का?

होतं, फक्त आरशातल्यासारखं उलटं. पाण्यात टिकणारं सर्वांत तीव्र आम्लारी OH⁻. सोडियम अमाइड किंवा सोडियम ऑक्साइड पाण्यात टाकलं की ते पाण्याचाच प्रोटॉन हिसकावतं आणि मागे हायड्रॉक्साइड उरतं, तेही बऱ्यापैकी जोरात. म्हणून सोडियम अमाइड वापरायचं तर द्रवरूप अमोनियात.

अमोनियाची दुसरी गंमत अशी, की तो पाण्याहून चांगला आम्लारी असल्यामुळे तिथे असेटिक आम्लसुद्धा पूर्ण प्रोटॉन देऊन टाकतं. पाण्यात जे आम्ल मागे पडलं होतं, तेही अमोनियात HCl च्या शेजारी येऊन बसतं, आणि दोघांचं मिळून NH₄⁺ होतं. उत्तर २ च्या भाषेत, आणखी सोपा पेपर.

१४. H₃O⁺ चा pKa उणे १.७४ की शून्य? दोन्ही आकडे दिसतात.

उणे १.७४ येतो तो पाण्याची संहती ५५.५ मोलर धरून. ५५.५ चं लॉगरिथम १.७४. पण बाकी सगळे pKa काढताना द्रावक असलेल्या पाण्याची सक्रियता १ धरलेली असते, आणि तोच नियम इथे लावला तर उत्तर शून्य येतं. माझं मत शून्याच्या बाजूने आहे, कारण एका तक्त्यात दोन मोजपट्ट्या मिसळू नयेत. परीक्षेला तुमच्या पुस्तकात जे असेल ते लिहा. लेव्हलिंगच्या स्पष्टीकरणाला यातला कोणताही आकडा चालतो. उणे ६ चं HCl दोन्हींच्या पलीकडेच आहे.

१५. तांबं विरल नायट्रिकमध्ये विरघळतं, HCl मध्ये नाही. दोन्ही पाण्यात सारखी असतील तर हे कसं?

समतल होतो तो फक्त प्रोटॉन देण्याचा गुण. आम्ल फुटल्यावर मागे राहणारा ऋण आयन आपला स्वभाव सोडत नाही. तांब्याचे इलेक्ट्रॉन काढून घेण्याचं काम नायट्रेट करतो. H₃O⁺ ला ते जमत नाही, क्लोराइडला तर नाहीच. तसंच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात HCl टाकल्यावर पांढरा साका येतो, पर्क्लोरिकने येत नाही, आणि HI ची बाटली हवेत राहिली तर पिवळी-तपकिरी पडते, कारण आयोडाइडचं आयोडीन होतं. दोन बाटल्यांवरची नावं पुसली गेली असतील तर pH कागद बाजूला ठेवा आणि चांदीच्या नायट्रेटचा थेंब टाका.